चेहरा ओळखण्यासाठी मेंदूचा हा भाग लागतोच का? टीएमएसने कार्यकारण तपासण्याची पद्धत

एखाद्या व्यक्तीला मेंदूतील हालचालीची प्रतिमा घेणाऱ्या एफएमआरआय यंत्रात झोपवून आधी चेहऱ्यांची आणि मग वस्तूंची चित्रे दाखवली, तर तिच्या उजव्या मेंदूच्या मागच्या बाजूला तीन ठिकाणी चेहरे पाहताना अधिक प्रतिसाद दिसतो. पहिले ठिकाण पश्चकपाल खंडाच्या खालच्या भागात असते आणि त्याला ऑक्सिपिटल फेस एरिया, थोडक्यात ओएफए, म्हणतात. दुसरे मेंदूच्या तळाकडच्या पृष्ठभागावर असलेले फ्युसिफॉर्म फेस एरिया, म्हणजे एफएफए, आणि तिसरे कानाच्या वर व थोडे मागे असलेल्या लांब खाचेत. हा निष्कर्ष इतक्या प्रयोगशाळांत पुन्हा पुन्हा मिळाला आहे, की त्याबद्दल आता वाद उरलेला नाही. वाद आहे तो पुढच्या प्रश्नाबद्दल: चेहरा ओळखण्याचे काम होण्यासाठी ओएफएची गरज असते का, की ते काम दुसरीकडे होते आणि त्याचे पडसाद तेवढे ओएफएत उमटतात? हा प्रश्न ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, म्हणजे टीएमएस, वापरून कसा तपासायचा, हे या लेखात ओएफएचे एकच उदाहरण घेऊन टप्प्याटप्प्याने सांगितले आहे.

प्रतिमेतून काय कळते आणि काय कळत नाही

एफएमआरआय केवळ सहसंबंध दाखवते, हे विधान सर्रास केले जाते. पण ते अर्धेच खरे आहे. चेहरा दाखवायचा की वस्तू, हे प्रयोग करणारा ठरवतो आणि चित्रांचा क्रम यादृच्छिक ठेवतो. त्यामुळे ‘चेहरा दाखवल्याने ओएफएतील प्रतिसाद वाढला’ हे विधान कार्यकारणाचेच आहे आणि ते भक्कम आहे. जिथे आपले नियंत्रण संपते ती जागा पुढची आहे. ओएफएतील हालचाल आणि त्या व्यक्तीचे अचूक उत्तर या दोन्ही गोष्टी आपण फक्त मोजतो. त्यांतील कोणतीही आपण स्वतः बदलत नाही. म्हणून ओएफएत जास्त प्रतिसाद असलेल्या वेळी उत्तरे अधिक बरोबर आली, तरी त्याचे किमान तीन अर्थ संभवतात. ओएफए ते काम करत असेल. ओएफएला दुसऱ्या भागाकडून उलट दिशेने संदेश येत असतील. किंवा चेहऱ्याकडे लक्ष अधिक वेधले गेल्यामुळे प्रतिसाद आणि अचूकता दोन्ही एकाच वेळी वाढले असतील. सहभागींची संख्या कितीही वाढवली तरी हे तीन अर्थ एकमेकांपासून वेगळे होत नाहीत, कारण अडचण आकड्यांच्या अपुरेपणाची नसून प्रयोगाच्या रचनेची आहे.

त्यातच वेळेची अडचण आहे. एफएमआरआय चेतापेशींची हालचाल थेट मोजत नाही. तिच्या मागोमाग रक्तातील ऑक्सिजनच्या प्रमाणात होणारा बदल मोजते, आणि हा बदल चित्र दिसल्यानंतर साधारण ५ ते ६ सेकंदांनी शिखर गाठतो. चेहरा ओळखण्याचे काम मात्र सेकंदाच्या एका लहान अंशात आटोपते. त्यामुळे आधी ओएफए की आधी एफएफए, हे या प्रतिमेवरून ठरवणे फार कठीण आहे.

सहसंबंध किती फसवू शकतो, याचे एक महत्त्वाचे उदाहरण संशोधन साहित्यात पी. एस. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या रुग्णाचे आहे. डोक्याला झालेल्या इजेनंतर या व्यक्तीला चेहरे ओळखता येईनासे झाले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की तिच्या उजव्या मेंदूत ओएफएच्या जागी जखम होती, पण उजवा एफएफए शाबूत होता आणि चेहरे पाहताना तो प्रतिसादही देत होता. केवळ एफएफएची प्रतिमा पाहणाऱ्याने तिला चेहरे ओळखता येतात, असेच अनुमान काढले असते. अशा रुग्णांकडून मिळणारा पुरावा कार्यकारणाच्या दिशेने जाणारा असतो. पण जखम कुठे आणि केवढी व्हावी हे संशोधकाच्या हातात नसते, जखमेपूर्वीची कामगिरी बहुधा मोजलेली नसते, आणि मधल्या वर्षांत मेंदूने आपली घडी नव्याने बसवलेली असू शकते. टीएमएसची गरज नेमकी इथे निर्माण होते: निरोगी मेंदूत, आपण निवडलेल्या जागी, आपण निवडलेल्या क्षणी, थोड्या वेळापुरता अडथळा आणायचा आणि वागण्यात काय बदलते ते पाहायचे.

आधी पाहावे: ती जागा कॉइलच्या आवाक्यात आहे का

टीएमएसचे आजचे रूप १९८५ मध्ये शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. तारेच्या वेटोळ्यातून, म्हणजे कॉइलमधून, अत्यंत तीव्र विद्युतप्रवाह क्षणभर सोडला जातो. त्यातून निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र १ ते २ टेस्लाच्या घरात असते आणि एक पल्स एका मिलिसेकंदाहूनही कमी वेळात संपतो. क्षेत्र इतक्या झपाट्याने बदलल्यामुळे कवटीखालच्या मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात, विद्युतक्षेत्र तयार होते आणि तिथल्या चेतापेशी अवेळी उद्दीपित होतात. त्या वेळी तो भाग एखादे काम करत असेल, तर त्या कामाशी संबंध नसलेली ही हालचाल त्यात मिसळते आणि काम बिघडते. याला ‘आभासी जखम’ म्हणण्याची प्रथा आहे, पण ते नाव जपून वापरावे. तो भाग बंद पडत नाही. त्याच्या कामात काही काळ गोंधळ मिसळतो, आणि म्हणूनच परिणाम सहसा काही टक्क्यांचाच असतो.

हे विद्युतक्षेत्र खोलीनुसार वेगाने क्षीण होते. नेहमीच्या आठच्या आकाराच्या कॉइलचा परिणाम टाळूच्या त्वचेपासून साधारण २ ते ३ सेंटिमीटरपर्यंतच पोहोचतो. ओएफए डोक्याच्या मागच्या-बाजूच्या पृष्ठभागाजवळ असल्याने तो आवाक्यात येतो. एफएफए मेंदूच्या तळाशी असल्याने तो येत नाही. त्यामुळे ‘चेहऱ्यासाठी एफएफए आवश्यक आहे का’ हा प्रश्न कितीही मोलाचा असला, तरी या साधनाने तो थेट विचारता येत नाही. कॉइलची शक्ती वाढवून खोल पोहोचण्याचा मोह टाळावा, कारण त्याने मधला सगळा बाह्यक आधी आणि अधिक जोराने उद्दीपित होतो आणि परिणाम कोणत्या भागाचा हे सांगता येत नाही.

जागा प्रत्येकाच्या मेंदूत शोधणे

या टप्प्यावर एफएमआरआय आणि टीएमएस एकमेकांचे प्रतिस्पर्धी न राहता सोबती होतात. मुख्य प्रयोगापूर्वी, वेगळ्या दिवशी, प्रत्येक सहभागीची एक छोटी एफएमआरआय चाचणी घ्यावी. तिच्यात चेहरे आणि वस्तू यांचे आळीपाळीने गट दाखवावेत आणि ‘चेहरे वजा वस्तू’ या तुलनेत पश्चकपाल खंडाच्या खालच्या भागात जिथे सर्वाधिक फरक दिसतो, तो बिंदू ओएफए म्हणून नोंदवावा. त्याच माहितीतून ‘वस्तू वजा अर्थहीन तुकडे’ अशी तुलना करून लॅटरल ऑक्सिपिटल, थोडक्यात एलओ, हा वस्तूंना प्रतिसाद देणारा भागही शोधावा. त्यासाठी चाचणीत वस्तूंची चित्रे तुकडे करून विस्कटलेली अशीही दाखवावी लागतात. एलओची गरज का लागते, ते पुढे येईलच.

काही जणांच्या मेंदूत ओएफए स्पष्ट सापडत नाही. अशा सहभागींना वगळायचे की गटाच्या सरासरी स्थानावर कॉइल ठेवायचे, हे प्रयोग सुरू होण्यापूर्वी लिहून ठेवावे. निकाल पाहून हा निर्णय घेतला तर प्रयोगाची विश्वासार्हता तिथेच संपते.

प्रत्येकाचे स्वतंत्र स्थान शोधण्याचा खर्च मोठा आहे, म्हणून तो टाळण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे. परंतु २००९ मध्ये झॅक आणि सहकाऱ्यांनी पार्श्विक खंडावरच्या टीएमएसबाबत याच प्रश्नाचा हिशेब मांडला. प्रत्येकाच्या स्वतःच्या एफएमआरआयवरून कॉइल लावले तर परिणाम दिसण्यासाठी ५ सहभागी पुरतील, आणि मेंदूची विद्युतहालचाल टाळूवरून नोंदवणाऱ्या ईईजी चाचणीच्या, डोक्यावर टेपने मोजून ठरवलेल्या पी४ या ठिकाणी लावले तर ४७ लागतील, असा त्यांचा अंदाज आला. यातल्या ५ या आकड्याला कोणी परवानगी समजू नये. तो एका विशिष्ट कामाच्या परिणामावरून काढलेला आहे आणि इतक्या लहान नमुन्यावर कोणताही निष्कर्ष उभारू नये. दोन आकड्यांमधली दरी मात्र खरी शिकवण देणारी आहे: जागा चुकल्याने परिणाम नाहीसा होतो आणि आपण तो मुळातच नव्हता असे समजून बसतो.

बिंदू ठरल्यावर तो प्रत्यक्ष डोक्यावर आणण्यासाठी न्यूरोनॅव्हिगेशन यंत्रणा वापरतात. अवरक्त कॅमेरा डोक्यावर आणि कॉइलवर बसवलेल्या खुणा पाहतो. नाकाचे मूळ आणि दोन्ही कानांजवळचे ठरावीक बिंदू दाखवून खऱ्या डोक्याचा मेळ त्या व्यक्तीच्या एमआरआयशी घातला जातो. मेळ घातल्यावर लगेच कॉइल लावू नये. दर्शक कांडीचे टोक नाकाच्या शेंड्यावर आणि टाळूवरच्या दोन-तीन ठिकाणी टेकवून पडद्यावर ते त्वचेवरच दिसते का, हे पाहावे. ते त्वचेच्या आत किंवा हवेत काही मिलिमीटर दूर दिसत असेल, तर मेळ पुन्हा घालावा. डोक्यावरची खूण मधेच सरकली तर पडद्यावर काहीच वावगे दिसत नाही, कारण यंत्रणेच्या दृष्टीने सगळे ठीकच असते. म्हणून ही तपासणी प्रत्येक विश्रांतीनंतर पुन्हा करावी.

काम असे निवडावे की बिघाड दिसायला जागा राहील

सहभागीला एक चेहरा क्षणभर दाखवावा, मग थोडा वेळ अर्थहीन नक्षी, आणि मग दुसरा चेहरा. दोन्ही एकच होते की वेगळे, एवढेच उत्तर त्याने कळ दाबून द्यायचे. हेच काम वस्तूंच्या जोड्यांवरही करून घ्यायचे. चेहरे व वस्तू संगणकावर टप्प्याटप्प्याने एकमेकांत मिसळून जोड्यांतील फरक कमी-जास्त करता येतो, आणि ही सोय फार कामाची आहे.

टीएमएसशिवाय अचूकता ९५ टक्के येत असेल, तर काम इतके सोपे आहे की थोड्याशा गोंधळाने ते ढळणार नाही. ती ५५ टक्के असेल, तर सहभागी बहुतेक अंदाजच करत आहे आणि आणखी बिघडायला काही शिल्लक नाही. ७५ ते ८० टक्क्यांच्या आसपासची कामगिरी योग्य ठरते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे चेहऱ्यांचे काम आणि वस्तूंचे काम सारखेच अवघड असले पाहिजे. चेहऱ्यांचे काम मुळातच अधिक अवघड असेल, तर कोणताही त्रास, अगदी कानाजवळचा मोठा आवाजसुद्धा, त्याच कामाला आधी बाधेल, आणि आपण त्या त्रासालाच ओएफएचे कार्य समजू. हे संतुलन वेगळ्या सहभागींवर आधीच तपासून घ्यावे.

पल्सचा क्रम, तीव्रता आणि सुरक्षितता

अशा प्रयोगांत रूढ असलेला एक क्रम म्हणजे दुसरे चित्र दिसायला लागताच १० हर्ट्झच्या वेगाने ५०० मिलिसेकंद, म्हणजे ५ पल्स, देणे. अर्ध्या सेकंदाची ही पट्टी चेहरा पाहण्याचा जवळजवळ सगळा महत्त्वाचा काळ झाकते, म्हणून ‘गरज आहे का’ या पहिल्या प्रश्नासाठी ती योग्य आहे.

तीव्रता ठरवणे त्याहून किचकट आहे. हालचालींच्या बाह्यकावर प्रत्येकाचा उंबरठा मोजता येतो: हाताच्या सैल सोडलेल्या स्नायूत १० पैकी किमान ५ वेळा ५० मायक्रोव्होल्टचा प्रतिसाद देणारी सर्वांत कमी तीव्रता म्हणजे विश्रांतीचा मोटर उंबरठा. पण हालचालींच्या भागाचा उंबरठा दृष्टीच्या भागाला लागू पडतोच असे नाही. शिवाय त्वचेपासून बाह्यक जितका दूर तितकी जास्त तीव्रता लागते. मोटर भागावरच्या मोजमापांत हा फरक दर मिलिमीटरला यंत्राच्या कमाल क्षमतेच्या सुमारे ३ टक्के आढळला आहे. ओएफएवरच्या प्रसिद्ध प्रयोगांत सर्वांसाठी यंत्राच्या क्षमतेच्या ६० टक्के अशी एकच तीव्रता वापरली गेली. कोणताही मार्ग घेतला तरी एका व्यक्तीच्या सर्व ठिकाणी तीव्रता सारखीच ठेवावी आणि एमआरआयवरून प्रत्येक ठिकाणचे त्वचा-बाह्यक अंतर मोजून नोंदवावे. ओएफए आणि एलओ यांची अंतरे साधारण सारखी असतील, तर त्यांची तुलना न्याय्य ठरते.

सुरक्षिततेच्या बाबतीत इथे तडजोड नसावी. टीएमएसमुळे अपस्मारासारखा झटका येणे दुर्मिळ असले तरी शक्य आहे, आणि एकेरी पल्सपेक्षा वेगवान पल्समालिकेत हा धोका अधिक गंभीरपणे घ्यावा लागतो. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या २००९ च्या आणि २०२१ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांत वेग, तीव्रता, मालिकेची लांबी आणि दोन मालिकांमधले अंतर यांच्या मर्यादा दिलेल्या आहेत. आपला क्रम त्यांच्याशी ताडून नैतिक समितीची मान्यता घेतल्याशिवाय आणि वैद्यकीय मदत जवळ असल्याशिवाय एकही पल्स देऊ नये. अपस्माराचा इतिहास, डोक्यात धातूचा तुकडा किंवा कॉक्लिअर इम्प्लांट, पेसमेकर, झटक्याचा उंबरठा खाली आणणारी औषधे, गर्भारपण यांची लेखी विचारणा आधी करावी. आदल्या रात्रीची झोप आणि मद्यसेवन यांची विचारणा दर सत्राच्या दिवशी पुन्हा करावी. कॉइलचा आवाज मोठा असतो, म्हणून इअरप्लग सहभागीला आणि कॉइल धरणाऱ्यालाही हवेत.

सर्व भार ज्यावर आहे ती गोष्ट: तुलना

माझे ठाम मत असे आहे, की टीएमएस वापरल्याने कोणताही निष्कर्ष आपोआप कार्यकारणाचा होत नाही. तो होतो योग्य तुलनेमुळे. कॉइल केवळ मेंदूवर परिणाम करत नाही. ते कानाजवळ टिकटिकते, त्वचेवर टोचल्यासारखे जाणवते, आणि डोक्याच्या मागच्या-बाजूच्या भागावर धरले तर मानेचे किंवा चेहऱ्याचे स्नायू आखडवते व पापणी लववते. यातली प्रत्येक गोष्ट उत्तरे बिघडवू शकते. म्हणजे ‘ओएफएवर टीएमएस दिल्यावर चेहऱ्यांची अचूकता घटली’ या एका निरीक्षणातून ओएफएबद्दल फारसे काही सिद्ध होत नाही.

टीएमएस दिलेल्या आणि न दिलेल्या फेऱ्यांची तुलना तर आणखी फसवी असते. कॉइलचा आवाज सावध करणाऱ्या इशाऱ्यासारखा काम करतो आणि त्यामुळे लोक अनेकदा लवकर उत्तर देतात. डोक्याच्या माथ्यावरचा मध्यबिंदू, ज्याला व्हर्टेक्स म्हणतात, हे त्याहून बरे नियंत्रण आहे, कारण तिथे आवाज तोच असतो. तरीही माथ्यावर स्नायू आखडत नाहीत, त्यामुळे त्रासाचा प्रश्न पूर्ण सुटत नाही. तो सोडवतो शेजारचा, स्वतःचे वेगळे काम असलेला भाग. एलओ ओएफएच्या जवळ आहे. तिथला आवाज, टोचणी आणि स्नायूंचे आखडणे जवळपास तेच असते. मग अपेक्षा अशी ठेवायची की ओएफएवरील टीएमएसने चेहऱ्यांचे काम बिघडावे पण वस्तूंचे बिघडू नये, आणि एलओवरील टीएमएसने याच्या नेमके उलट व्हावे. २००९ मध्ये पिचर आणि सहकाऱ्यांनी याच विचाराने चेहरे, वस्तू आणि शरीरे यांच्यासाठी तीन भागांची अशी उलटसुलट जोडणी केली आणि प्रत्येक भागावरील टीएमएसने त्याच्या आवडत्या प्रकाराचेच काम बिघडते असे दाखवले. असा निकाल सामान्य त्रासाने समजावता येत नाही, कारण त्रासाला चेहरा आणि वस्तू यांतला भेद कळत नाही.

एक काल्पनिक निकाल वाचून पाहू

समजा आपल्या प्रयोगात गटाची सरासरी अचूकता अशी आली. चेहऱ्यांच्या कामात माथ्यावर टीएमएस देताना ७९ टक्के, एलओवर ७८ आणि ओएफएवर ७१. वस्तूंच्या कामात माथ्यावर ७८, ओएफएवर ७७ आणि एलओवर ७२. हे आकडे समजावण्यापुरते घेतलेले आहेत, पण त्यांची धाटणी वास्तवाशी जुळणारी आहे.

अनेक लेखांत इथे एक चूक होते. चेहऱ्यांमधली ओएफए आणि माथा यांतील घट सांख्यिकीय कसोटीवर उतरली, वस्तूंमधली उतरली नाही, म्हणून परिणाम चेहऱ्यांपुरता मर्यादित आहे, असे लिहिले जाते. पण एक फरक कसोटीवर उतरणे आणि दुसरा न उतरणे, याचा अर्थ त्या दोन फरकांमध्ये फरक आहे असा होत नाही. फरकांमधला फरकच थेट तपासावा लागतो. चेहऱ्यांच्या कामात ओएफए एलओपेक्षा ७ अंकांनी खाली आहे. वस्तूंच्या कामात तो ५ अंकांनी वर आहे. या दोहोंतले अंतर १२ अंकांचे झाले. हाच आकडा प्रत्येक सहभागीसाठी स्वतंत्र काढावा आणि त्यांची सरासरी शून्यापेक्षा वेगळी आहे का ते तपासावे. आपल्या दाव्याचा कणा हा एकच आकडा आहे, आणि किती सहभागी घ्यायचे हेही आधीच त्याच्याच आधारे ठरवावे.

यानंतर माथ्याशी तुलना पाहावी, कारण तिने दिशा कळते. ७९ वरून ७१ म्हणजे ओएफएने खरोखर बिघाड केला. ७८ हे ७९ च्या जवळ आहे, म्हणजे एलओने चेहऱ्यांचे काम सुधारलेले नाही. माथ्याची नोंद नसती तर एलओमुळे झालेली सुधारणा ओएफएमुळे झालेल्या बिघाडासारखी दिसू शकली असती. शेवटी उत्तर देण्याचा वेळ पाहावा. ओएफएच्या फेऱ्यांत अचूकता घटली आणि वेळही घटला असेल, तर सहभागी केवळ घाई करत असण्याची शक्यता आहे. वेळ तोच राहिला किंवा वाढला असेल, तर बिघाडाचे स्पष्टीकरण अधिक टिकते.

याऐवजी ओएफएवर चेहरे आणि वस्तू दोन्ही सारख्याच प्रमाणात घसरले असते, तर मी आधी पापण्यांचा संशय घेतला असता आणि डोळ्यांची नोंद तपासली असती. त्यानंतर कॉइल फार मागे सरकून सुरुवातीच्या दृष्टिभागावर गेले होते का हे पाहिले असते. दुसऱ्या शक्यतेची एक खूण अशी, की सहभागी क्षणिक प्रकाशाचे ठिपके दिसल्याचे सांगतात.

काहीच परिणाम न दिसणे हा सर्वांत अवघड निकाल आहे. त्याचा अर्थ तो भाग आवश्यक नाही असा असू शकतो. पण कॉइल काही मिलिमीटर चुकले, तीव्रता कमी पडली, वेळ चुकली किंवा मेंदूच्या इतर भागांनी काम सावरून घेतले, अशा कारणांनीही तोच निकाल येतो. यांतली पहिली शंका न्यूरोनॅव्हिगेशनच्या नोंदींतून तपासता येते, कारण प्रत्येक पल्सच्या वेळी कॉइल लक्ष्यापासून किती दूर होते ते त्यात साठवलेले असते. त्याच सत्रात एलओने वस्तूंचे काम बिघडवले असेल, तर यंत्र, तीव्रता आणि वेळ मुळातच निकामी नव्हते एवढे तरी म्हणता येते. ‘ओएफएची गरज नाही’ असे लिहिण्यासाठी किमान एवढा आधार असावा.

वेळ: जी गोष्ट एफएमआरआयला विचारता येत नाही

गरज सिद्ध झाल्यावर ती कधी असते, हे विचारता येते. ५ पल्सच्या मालिकेऐवजी ४० मिलिसेकंदांच्या अंतराने फक्त दोन पल्स द्यावेत आणि ही जोडी चित्र दिसल्यानंतर वेगवेगळ्या क्षणी ठेवून पाहावी. पिचर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये उजव्या ओएफएवर असे केले, तेव्हा जोडी ६० आणि १०० मिलिसेकंदांवर दिली असतानाच चेहऱ्यांचे काम बिघडले. इतर वेळी दिलेल्या जोड्यांनी बिघडले नाही. ईईजीत चेहऱ्यांसाठी ओळखली जाणारी लाट साधारण १७० मिलिसेकंदांवर येते, म्हणजे ओएफएचे योगदान तिच्याआधीचे आहे. याच अभ्यासात डोळे, नाक, तोंड असे घटक बदललेले चेहरे ओळखणे बिघडले, पण त्या घटकांमधली अंतरे तेवढी बदलली तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. प्रतिमेतून केवळ ‘चेहऱ्यांना प्रतिसाद’ एवढेच कळले असते. इथे कोणत्या क्षणी आणि चेहऱ्याच्या कोणत्या माहितीसाठी, हेही कळते.

या रचनेत वेळेच्या खिडक्याच एकमेकींचे नियंत्रण बनतात. जागा तीच, आवाज तोच, टोचणीही तीच. बदलतो तो फक्त क्षण. त्रासाचे स्पष्टीकरण बाजूला सारण्याचा याहून स्वच्छ मार्ग मला माहीत नाही.

दाव्याची हद्द

टीएमएसचा परिणाम कॉइलखालीच थांबतो असे गृहीत धरणे चुकीचे आहे. उद्दीपित चेतापेशी जोडलेल्या दूरच्या भागांनाही संदेश पाठवतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उजव्या ओएफएवर थीटा बर्स्ट प्रकारचे, म्हणजे वेगवान पल्सचे छोटे गुच्छ देणारे, टीएमएस दिल्यानंतर एफएमआरआय घेतले गेले. तेव्हा कानामागच्या खाचेतील भागाचा स्थिर चेहऱ्यांना मिळणारा प्रतिसाद घटला. हलत्या चेहऱ्यांना मिळणारा मात्र घटला नाही. म्हणजे एका ठिकाणच्या अडथळ्याचे पडसाद दुसरीकडे उमटतात आणि कोणत्या कामात उमटतील हे दोन भागांमधल्या दुव्यावर अवलंबून असते. या प्रयोगात एफएमआरआय पुन्हा सहसंबंधाचे साधन उरत नाही: मेंदूची हालचाल आपण स्वतः बदललेली असल्याने तिचे दूरचे परिणाम मोजण्याचे ते साधन होते.

म्हणून वरच्या काल्पनिक निकालावर लेखात वाक्य साधारण असे लिहावे: ‘चित्र दिसल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या सेकंदात उजव्या ओएफएमधील, किंवा त्याच्यामार्फत होणारी, हालचाल विस्कळीत केल्याने चेहऱ्यांतील फरक ओळखण्याची अचूकता घटते आणि त्याच प्रमाणात वस्तूंची घटत नाही.’ ‘ओएफएत चेहरे ओळखले जातात’ असे लिहू नये. अचूकता ७१ टक्क्यांवर आली, शून्य कौशल्याच्या ५० टक्क्यांवर नाही. याचा अर्थ काम बऱ्याच अंशी चालूच राहिले. ओएफए पुरेसा आहे, किंवा ओळखीच्या व्यक्तीचे नाव आठवण्यातही त्याचा वाटा आहे, याबद्दल या प्रयोगाने काहीच सांगितलेले नाही.

कॉइलच्या आवाक्याबाहेर राहिलेल्या एफएफएबद्दल मात्र वेगळ्या मार्गाने पुरावा मिळाला आहे. अपस्माराच्या शस्त्रक्रियेपूर्वी काही रुग्णांच्या मेंदूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोड बसवावे लागतात. अशा एका रुग्णाच्या उजव्या फ्युसिफॉर्म भागातील चेहऱ्यांना प्रतिसाद देणाऱ्या ठिकाणी सौम्य विद्युतप्रवाह दिल्यावर समोरच्या माणसाचा चेहरा त्याला बदललेला दिसला, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे जागा वैद्यकीय गरजेने ठरते आणि मेंदू अपस्माराचा असतो, त्यामुळे त्या पुराव्याच्या मर्यादा टीएमएसच्या मर्यादांपेक्षा वेगळ्या आहेत. ओएफए आणि एफएफए यांची तुलना करणाऱ्याने या दोन प्रकारच्या पुराव्यांतले आकडे थेट शेजारी ठेवू नयेत. प्रत्येक पुराव्याबरोबर तो कोणत्या साधनाने, कोणत्या मेंदूत आणि कोणत्या तुलनेतून आला, हे लिहावे.